कंबाईनची उत्तरतालिका आली की टेलिग्रामवरचे स्कोर बघून अभ्यास बसतो. ठोस उपाय सुचवा

वैजू_परभणीकर

नमस्कार मंडळी. मी पुण्यात नवी पेठेत राहून एमपीएससी करते, गट ब ची संयुक्त परीक्षा. पूर्व झाली, पहिली उत्तरतालिका आली. ती समोर ठेवून पेपर तपासला तर ५४ च्या आसपास गुण येतायत. जागा आणि माझा प्रवर्ग बघता हे गुण धड आतही नाहीत, धड बाहेरही नाहीत. म्हणजे आता गुमान मुख्य परीक्षेचं पुस्तक उघडून बसायला हवं, हे मला कळतं.

पण उत्तरतालिका आल्यापासून अभ्यास ठप्प आहे. टेलिग्रामवर मी असलेल्या प्रत्येक ग्रुपवर पोल सुरू आहेत, 'तुमचा स्कोर किती?' म्हणून. जिथे बघावं तिथे ६० च्या वरचा रकाना सगळ्यांत लांब. एकदा बघितलं की दर थोड्या वेळाने परत बघावंसं वाटतं, जणू मधल्या वेळात माझेच गुण बदलणार आहेत. त्यात माझी आधीची रूममेट गेल्या वेळी पीएसआय झाली. तिच्या स्टेटसला गावातली मिरवणूक, फेटा, जेसीबीतून उधळलेला गुलाल. आम्ही दोघी एकाच टेबलावर बसून, एकाच नोट्समधून वाचायचो. तिच्याबद्दल माझ्या मनात वाईट काही नाही, खरंच नाही. पण स्टेटस बघितलं की पुढचा तास वाया जातो. पुस्तक उघडं असतं आणि मी त्यातली एकच ओळ वाचत बसलेली असते.

'इतरांशी तुलना करू नकोस' हे मला खूप जणांनी सांगितलंय. ती कशी करायची नाही, हे मला हवंय. सकाळी उठल्यापासून काय करायचं, फोनमध्ये नेमकं काय बदलायचं, आणि डोक्यात विचार आलाच तर त्या क्षणी काय करायचं. कुणी हे करून पाहिलं असेल तर सविस्तर लिहा, प्लीज.

कटऑफ_अंदाज

ताई, टेन्शन घेऊ नका. यंदा पेपरची काठिण्य पातळी बघता कट-ऑफ खाली येणार असं सगळे म्हणतायत. तुमचा प्रवर्ग कोणता? महिला आरक्षण धरलंय का? खेळाडू किंवा अनाथ प्रवर्ग असेल तर तेही सांगा, मी अंदाज काढून देतो. माझ्याकडे मागच्या सगळ्या वर्षांचं एक्सेल आहे.

वैजू_परभणीकर

दादा, धन्यवाद, पण कट-ऑफ किती लागेल हा माझा प्रश्न नाहीये. उलट ते अंदाज वाचणंच मला थांबवायचंय.

रोखठोक_बार्शी

सरळ उपाय आहे. स्मार्टफोन गावी ठेवून या, बटणाचा फोन घ्या. टेलिग्राम, इन्स्टा, व्हॉट्सॲप सगळं डिलीट. माझ्या अभ्यासिकेतल्या दोघांनी असंच केलं आणि दोघंही आज नोकरीत आहेत. ज्याला अभ्यास करायचाय त्याला स्टेटस बघायला वेळच कसा मिळतो? बाकी सगळ्या पळवाटा.

पाटी_पेन्सिल

मी सांगलीला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. स्पर्धा परीक्षा मी स्वतः दिलेली नाही, त्यामुळे मनाच्या भागावर बोलत नाही. पण त्या पोलबद्दल सांगायलाच हवं, कारण वैजू ज्या आकड्यांना घाबरलीय ते आकडे जवळपास निरर्थक आहेत.

समजा एक हजार मुलांनी पेपर दिला. आकडे मी सोयीसाठी घेतलेले आहेत. त्यातल्या १०० जणांना ६० च्या वर, ३०० जणांना ५० ते ६० आणि ६०० जणांना ५० च्या खाली गुण आहेत. आता पोलवर बोट ठेवायला कोण उत्साहाने जाईल? ज्याला ६५ आहेत तो. ज्याला ३८ आहेत तो ग्रुपच उघडणार नाही. म्हणून धरू की पहिल्या गटातल्या निम्म्यांनी मत दिलं, म्हणजे ५०. मधल्या गटातल्या चौथ्या हिश्शाने दिलं, म्हणजे ७५. आणि खालच्या गटात वीसात एकाने, म्हणजे ३०. एकूण मतं १५५. त्यात ६० च्या वरचे झाले जवळपास ३२ टक्के. प्रत्यक्षात ते १० टक्केच होते. ५० च्या खालचे प्रत्यक्षात ६० टक्के, पोलमध्ये दिसतात १९ टक्के. इथे एकही माणूस खोटं बोललेला नाही, तरी चित्र उलटंपालटं झालं.

आता यात खोटं मिसळा. टेलिग्रामच्या पोलचा निकाल मत दिल्याशिवाय दिसत नाही. त्यामुळे ज्याला फक्त निकाल बघायचाय तो कुठेतरी बोट ठेवतो, आणि ठेवायचंच तर खालच्या रकान्यात कोण ठेवेल? काही ॲडमिन 'फक्त निकाल बघायचाय' असा वेगळा पर्याय देतात, पण बरेच जण देत नाहीत. शिवाय पोल निनावी असतो, म्हणजे एकाच मुलाने सहा ग्रुपवर सहा वेळा ६० वर बोट ठेवलं तर तुला ते सहा हुशार विद्यार्थी वाटणार.

आणि पहिली उत्तरतालिका शेवटची नसते हे तुला माहीत असेलच. हरकती जातात, काही प्रश्न रद्द होतात, काहींची उत्तरं बदलतात. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. तेव्हा एका प्रश्नाचं उत्तर तुझ्या विरुद्ध फिरलं तर सव्वा गुण जातो, बाजूने फिरलं तर सव्वा गुण येतो. म्हणजे सगळे आज जे आकडे टाकतायत ते त्यांचे स्वतःचेसुद्धा पक्के नाहीत.

वैजू_परभणीकर

सर, हे इतकं स्पष्ट मला कुणीच सांगितलं नव्हतं. निकाल दिसावा म्हणून मी स्वतःसुद्धा दोन ग्रुपवर 'पंचावन्न ते साठ' वर बोट ठेवलंय.

निशिगंध

वैजू, मी पुण्यात समुपदेशक म्हणून काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्यांत तुझ्यासारखी अभ्यासिकेतली मुलंमुली बरीच असतात. पाटी_पेन्सिल सरांनी आकड्यांची बाजू छान मांडली, पण एक सांगते. पोल खोटा आहे हे कळल्यानंतरही तो बघितला की टोचतो. कळणं आणि टोचणं यांचे रस्ते वेगळे आहेत. म्हणून नुसत्या समजुतीवर थांबू नकोस.

आधी, टोचतं का ते. लिओन फेस्टिंगर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली तुलनेबद्दल मांडणी केली. त्यातला तुझ्या कामाचा भाग असा की आपण किती पाण्यात आहोत हे मोजायला बाहेर पट्टी नसली की माणूस दुसऱ्या माणसाकडे बघतो, आणि तेही आपल्यासारख्याच माणसाकडे. राज्यात पहिल्या आलेल्या मुलीचा फोटो बघून तुला फारसं काही होत नाही, पण रूममेटचा फेटा बघून तास जातो, तो यामुळेच. तेच टेबल, त्याच नोट्स, तीच मेस. आणि उत्तरतालिका ते निकाल या मधल्या काळात खरी पट्टी कुणाकडेच नसते, म्हणून तर सगळे पोलकडे धावतात. यात तुझ्या स्वभावाचा काही दोष नाही.

दुसरं, काठावर असणं. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या खेळाडूंच्या चित्रफिती घेऊन संशोधकांनी पाहिलं होतं, तर रौप्यपदक मिळालेल्यांपेक्षा कांस्यपदक मिळालेले जास्त आनंदी दिसत होते. रौप्यवाल्याच्या डोळ्यांसमोर हुकलेलं सुवर्ण असतं, कांस्यवाल्याच्या डोळ्यांसमोर हुकू शकलेलं पदक. ५४ वाली मुलगी ३८ वाल्यापेक्षा जास्त तळमळते ती अशीच.

आता करायचं काय ते. मी मुलांकडून जे करून घेते तेच सांगते.

पहिला आठवडा काहीही बंद करायचं नाही, फक्त नोंद ठेवायची. अभ्यासाच्या वहीच्या शेवटच्या पानावर, फोनमध्ये नाही. टोचलं की एक ओळ: वेळ, कुठे बघितलं, कुणाचं, मनात आलेलं वाक्य जसंच्या तसं, आणि त्यानंतर काय केलं. एका मुलाची नोंद त्याच्या परवानगीने, ओळख पटणार नाही अशी देते: 'रात्री पावणेबारा, इन्स्टा, कोल्हापूरच्या मित्राची जॉइनिंगची रील, "माझं वय निघून चाललंय", मग दीडपर्यंत टॉपरच्या मुलाखती बघितल्या, सकाळी उशिरा उठलो.' आठवड्याच्या शेवटी ती पानं वाचली की बहुतेकांना दिसतं की टोचणारी माणसं शंभर नसतात, तीन-चारच असतात, आणि वेळाही ठरलेल्या असतात. त्या मुलाच्या बाबतीत जवळपास सगळ्या नोंदी रात्री साडेदहानंतरच्या होत्या. सकाळी दहाला तीच रील बघून त्याला फारसं काही होत नव्हतं. म्हणून आम्ही इन्स्टा बंद केलंच नाही, फक्त रात्री फोन खोलीबाहेरच्या कपाटात ठेवायला लावला आणि गजराचं साधं घड्याळ घेतलं. त्याचा निम्मा त्रास तिथेच मिटला.

तुझी यादी वेगळी निघेल. ती आधी काढ, मग फोनला हात लाव.

रोखठोक_बार्शी

मॅडम, आठवडाभर नोंदीच करत बसायच्या? मुख्य परीक्षा काय थांबणार आहे का? मी म्हणतो, मुळावर घाव घाला.

निशिगंध

रोखठोक, तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. अभ्यासाच्या वेळी फोन हाताच्या अंतरावर नसणं हा सगळ्यांत परिणामकारक उपाय आहे, त्यावर माझा वाद नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १४३ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला होता, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. काहींना फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट रोज प्रत्येकी फक्त १० मिनिटं वापरायला सांगितलं, बाकीच्यांना नेहमीसारखं. तीन आठवड्यांनी वेळ कमी केलेल्यांचं एकटेपण आणि उदासी कमी झालेली आढळली. लक्षात घ्या, त्यांनी पूर्ण बंद करायला सांगितलं नव्हतं. तो प्रयोग तिथल्या कॉलेजच्या मुलांवरचा आहे, आपल्याकडच्या निकालाची वाट बघणाऱ्यांवरचा नाही, म्हणून मीही तो जपूनच सांगते.

पण बटणाच्या फोनचं काय होतं ते मी बघते. अभ्यासिकेची सूचना व्हॉट्सॲपवर येते, मेसचे पैसे यूपीआयने जातात, घरच्यांना व्हिडिओ कॉल हवा असतो. मुलगा चार दिवस टिकतो, मग मित्राच्या फोनवर बघतो, आणि जेव्हा स्वतःचा फोन परत घेतो तेव्हा साठलेलं सगळं एका रात्रीत बघतो. ज्यांना जमलं त्यांना जमलं. सगळ्यांना जमेल असं धरून चालू नका.

टेलिग्राम_हमाल

मी दोन अभ्यास चॅनेलांचा ॲडमिन आहे, तेव्हा फोनचा भाग मी सांगतो.

टेलिग्राममध्ये चर्चा होणारे ग्रुप आणि फक्त सूचना येणारी चॅनेल अशी मनात फाळणी करा. चर्चेच्या ग्रुपमधून निकालापर्यंत बाहेर पडा. नोट्सच्या पीडीएफ हव्यात म्हणून राहतो असं सगळे म्हणतात, पण पीडीएफ आधीच उतरवून घेता येतात. ज्या चॅनेलमध्ये राहायचंच आहे ते आधी कायमचं म्यूट करा आणि मग अर्काईव्ह करा. हा क्रम महत्त्वाचा आहे. नुसतं अर्काईव्ह केलेलं चॅट नवा मेसेज आला की परत वर येऊन बसतं, म्यूट केलेलं आतच राहतं. 'मी अर्काईव्ह केलं तरी दिसतंय' अशी तक्रार करणारे सगळे इथेच अडकलेले असतात.

निकाल, हरकतींची मुदत, दुसरी उत्तरतालिका यांसाठी फक्त आयोगाची साइट, mpsc.gov.in. दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी. काही सुटेल ही भीती खोटी आहे. हरकतींना काही दिवसांची मुदत असते, तुम्ही संध्याकाळी बघितलं म्हणून काही बुडत नाही. ग्रुपवर मात्र 'आज निकाल लागणार, आतल्या गोटातली खबर' असं दर आठवड्याला येतं, आणि लोक दिवसभर रिफ्रेश करत बसतात.

व्हॉट्सॲप स्टेटस: अपडेट्समध्ये त्या व्यक्तीच्या स्टेटसवर बोट दाबून धरा, म्यूट करा. इन्स्टावर त्या व्यक्तीच्या प्रोफाइलवर 'फॉलोइंग' दाबून म्यूट, पोस्ट आणि स्टोरी दोन्ही. दोन्हीकडे समोरच्याला काही कळत नाही.

यूट्यूब सगळ्यांत चिवट. तिथे 'ती अशी झाली उपजिल्हाधिकारी' तुम्ही शोधत नाही, ते तुम्हाला शोधत येतं. वॉच हिस्टरी बंद करा आणि जुनी पुसून टाका. मग होमवर व्हिडिओच दिसत नाहीत, पान रिकामं राहतं. जे लेक्चर हवं ते शोधून बघा, नाहीतर सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन बघा.

खाकीची_वाट

हा धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी त्या दुसऱ्या बाजूची आहे. पीएसआय झाले, माझेही फेट्यातले फोटो सगळीकडे फिरले. वैजू, तुझी रूममेट मी नाही, पण तिच्या जागी मी होते.

माझ्या मिरवणुकीचं स्टेटस मी टाकलं ते माझ्या आईसाठी. वडील गेल्यावर तिने शेतात मजुरी करून शिकवलं आणि त्या दिवशी गावाने तिला हार घातला. ते मी परत टाकेन. पण त्या स्टेटसमध्ये काय नव्हतं ते सांगते. आधीच्या एका परीक्षेत मैदानी चाचणीत गोळाफेकीला कमी पडले होते ते नव्हतं. मुलाखतीच्या आधी मामाकडून उसने घेतलेले पैसे नव्हते. आणि वर्तमानपत्रात ज्या क्लासने माझा फोटो 'आमचे यशवंत' म्हणून छापला, त्यांच्याकडे मी फक्त एक मॉक इंटरव्ह्यू दिला होता, तोही फुकट. असे माझे फोटो एकाहून जास्त क्लासच्या फ्लेक्सवर आहेत. मला कुणी विचारलंही नाही.

पाटी_पेन्सिल

खाकीची_वाट, अभिनंदन. फोटोच्या बाबतीत एक सांगतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातल्या फसव्या जाहिरातींवर मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. यशस्वी उमेदवाराचं नाव-फोटो त्याच्या लेखी संमतीशिवाय वापरता येत नाही, आणि ती संमती निवड झाल्यानंतरची हवी. शिवाय त्याने नेमका कोणता कोर्स केला होता, तेही जाहिरातीत सांगावं लागतं. तुम्हाला तक्रार करायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

वैजूच्या दृष्टीने यातला मुद्दा असा की तिच्या डोळ्यांवर जे यश आदळतंय त्यातलं बरंचसं कुणीतरी विकायला काढलेलं आहे. पाच फ्लेक्सवर पाच यशवंत दिसतात, तो एकच चेहरा असू शकतो.

बापू_अंबाजोगाई

मी विद्यार्थी नाही, विद्यार्थ्याचा बाप आहे. मुलगा पुण्यात आहे. गावात कुणाचा पोरगा लागला की मी त्याची बातमी मुलाला व्हॉट्सॲपवर पाठवतो. प्रेरणा मिळावी म्हणून पाठवतो, दुसरा हेतू नाही. आमच्या वेळी शेजारच्या पोराला सायकल मिळाली की आम्हीपण जिद्दीने शिकायचो. तुम्ही सगळे म्हणता हे टोचतं. मग पोरांना काही सांगायचंच नाही का? हे मला अजून पटलेलं नाही.

निशिगंध

बापू, तुमचा हेतू चांगला आहे यात शंका नाही. पण तुमच्या मुलाने ती बातमी तुमच्या आधी दहा ठिकाणी बघितलेली असते. तुमच्याकडून आली की तिचा अर्थ बदलतो, 'बाबा माझ्याकडून अजून वाट बघतायत' असा होतो. बातमीऐवजी त्याला एखादा प्रश्न विचारून बघा, गुणांचा नको. आज काय वाचलंस, मेसचं जेवण कसं आहे, झोप होते का. महिनाभर हे करा आणि तो फोनवर जास्त बोलतो का कमी, तुम्हीच ठरवा.

तुमचा जिद्दीचा अनुभव खोटा नाही. दुसऱ्याचं यश बघून कधी पाय उचलतात, कधी गळून जातात. माझ्या पाहण्यात फरक पडतो तो यावर, की त्या यशापर्यंतची पुढची पायरी आपल्याला दिसते की नाही. सायकलवाल्या मुलाने काय केलं ते तुम्हाला दिसत होतं. फेट्याच्या फोटोत पायरी दिसत नाही, फक्त माडी दिसते.

वैजू, यातूनच तुझ्या प्रश्नाचा तिसरा भाग येतो, विचार आलाच तर त्या क्षणी काय करायचं. आधीपासून वाक्य ठरवून ठेव, 'अमुक झालं तर मी तमुक करेन' या साच्यात. उदाहरणार्थ, 'कुणाचं स्टेटस टोचलं तर मी फोन पालथा ठेवून वहीत एक ओळ लिहीन आणि इतिहासाचा एक जुना प्रश्न सोडवीन.' कृती लहान हवी आणि हाताने करायची हवी. 'मी सकारात्मक विचार करेन' हे चालत नाही, कारण त्या क्षणी नेमका विचारच हातात नसतो.

आणि रूममेटला एकदा स्वतःहून मेसेज कर. अभिनंदन केलं नसशील तर ते मनापासून कर, आणि एकच नेमका प्रश्न विचार. 'कसं केलंस?' असा नको, त्याला उत्तर भाषणच येतं. 'मुख्यच्या आधीचा शेवटचा महिना तू मराठी व्याकरण आणि सामान्य अध्ययनात कसा वाटला होतास?' असा. तिचा फेटा तुला घेता येत नाही, तिचं वेळापत्रक घेता येतं.

वैजू_परभणीकर

अभिनंदन केलंय, पण सगळ्यांच्या ग्रुपवर, इमोजी टाकून. स्वतंत्र काही लिहिलं नाही.

एक मनातली अडचण विचारते. तिचं स्टेटस म्यूट करणं मला फसवल्यासारखं वाटतं. ती माझं स्टेटस रोज बघते, कधी आजारी असले तर फोन करते. आणि मी तिला गुपचूप बंद करायचं?

खाकीची_वाट

माझ्या एका मैत्रिणीने मला असं बंद केलं होतं, ते नंतर कळलं आणि वाईट वाटलं होतं. तिने सरळ सांगितलं असतं की 'निकालापर्यंत मी स्टेटस बघत नाही, रविवारी फोन करत जा', तर मला समजलं असतं. मीही त्याच खोलीतून गेलेय ना. माझं मत, गुपचूप करू नकोस.

टेलिग्राम_हमाल

मला उलटं वाटतं. सांगितलं की समोरच्याला अपराधी वाटतं आणि ती पुढे आनंदाच्या गोष्टी तुझ्यापासून लपवायला लागते. मग मैत्रीत जास्त अंतर पडतं. म्यूट म्हणजे नातं तोडणं नव्हे. निकालानंतर काढून टाक, संपलं.

निशिगंध

यावर माझ्याकडेही एक उत्तर नाही. मी मुलांना विचारते, ही व्यक्ती तुला आठवड्यातून एकदा फोन करण्याइतकी जवळची आहे का? असेल तर सांगणं बरं पडतं. नुसती ओळखीची असेल तर न सांगता म्यूट. पण वैजू, तुझी मैत्रीण तुला ठाऊक, मला नाही.

अभ्यासिका_कोपरा

स्वतःची तुलना फक्त स्वतःशी करा, हे मी पाळतो. टेस्ट सिरीजचा प्रत्येक स्कोर भिंतीवर लावलाय. बाकी जगाशी घेणं-देणं नाही.

खाकीची_वाट

याने मला त्रासच झाला होता. गेल्या टेस्टपेक्षा चार गुण कमी आले की भिंतच टोचायची. प्रत्येक टेस्ट सारखी अवघड नसते, त्यामुळे दोन स्कोर शेजारी ठेवून फार काही कळत नाही. मग मी एकूण गुण लिहिणं सोडलं आणि चुका कशा झाल्या ते लिहायला लागले: माहीत नव्हतं, माहीत असून चुकलं, अंदाज मारला. 'माहीत असून चुकलं' हा ढीग कमी होतोय का एवढंच बघायचे. उजळणी कुठे करायची ते त्यावरून कळायचं. भिंतीवरच्या आकड्यावरून नाही.

अभ्यासिका_कोपरा

हे करून बघतो. पण भिंत मला अजूनतरी उपयोगी पडतेय.

निशिगंध

आणखी एक, कारण अशा धाग्यावर न बोलता वाचणारेही असतात. टोचणं म्हणजे तास वाया जाणं इथपर्यंत असेल तर वरचे उपाय पुरतात. पण सलग दोन आठवडे झोप उडालीय, जेवण जात नाही, पूर्वी आवडायचं त्यात मन लागत नाही, किंवा 'मी नसलो तर बरं' असं मनात येतंय, तर तो प्रश्न फोनच्या सेटिंगचा राहिलेला नाही. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे. सरकारी, मोफत, रात्रंदिवस चालू, मराठीत बोलता येतं. घरी सांगणं जड जात असेल तर आधी तिथे बोला.

वैजू_परभणीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. नोंदवही कालपासून सुरू केली. निशिगंधताई, तुम्ही आधी काहीच बंद करू नकोस म्हणालात, पण पोलवाले चर्चेचे ग्रुप मी लगेच सोडले. पाटी_पेन्सिल सरांचा हिशोब वाचल्यावर तिथे थांबावंसंच वाटेना. बाकी सगळं आठवडाभर आहे तसं ठेवते. पहिल्याच दिवशीच्या नोंदीत एक अनपेक्षित गोष्ट दिसली. रूममेटचं स्टेटस एकदाच आहे. अभ्यासिकेतून खोलीवर येताना, मेसच्या रांगेत उभी असताना काढलेला फोन मात्र तीनदा आहे. त्यामुळे मेसला फोन न नेता जाऊन बघणार आहे. पैसे महिन्याचे एकदम दिलेले असतात, तेव्हा यूपीआयची अडचण नाही.

रूममेटला शेवटच्या महिन्याबद्दल मेसेज केला. तिचं उत्तर यायचंय. म्यूटचं मात्र अजून ठरत नाहीये.

आणि टेलिग्राम_हमाल दादा, अर्काईव्ह केलेलं एक चॅनेल म्यूट करूनसुद्धा मला परत वर दिसतंय. ते मी वर पिन केलेलं होतं, त्यामुळे असं होतंय का?

टेलिग्राम_हमाल

पिनमुळे नसावं. म्यूट कायमचं केलंय की आठ तासांचं, ते आधी बघ. बहुतेक वेळा घाईत तासांचा पर्याय दाबला जातो, आणि मुदत संपली की चॅनेल पुन्हा बाहेर येतं. कायमचं करून परत अर्काईव्ह कर, आणि तरी राहिलं तर इथेच लिही.